घशात घास, छातीत अडीच लिटर हवा

अमेरिकन हार्ट असोसिएशनने ऑक्टोबर २०२५ मध्ये जीवरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना नव्याने प्रसिद्ध केल्या. घशात घास किंवा वस्तू अडकून गुदमरणाऱ्या माणसासाठीचा क्रम त्यात बदलला आहे. आतापर्यंत ही संस्था प्रौढांना आणि एक वर्षावरील मुलांना थेट पोटावर धक्के द्यायला सांगत असे. आता आधी पाठीवर पाच थापा, मग पोटावर पाच धक्के, आणि वस्तू निघेपर्यंत किंवा माणसाची शुद्ध हरपेपर्यंत हाच फेरा पुन्हा पुन्हा करायचा आहे. युरोपातील संस्था हा क्रम आधीपासूनच शिकवत होत्या.

बदल एका ओळीचा असला तरी अमरावती जिल्ह्यातल्या धारणीसारख्या तालुक्यात त्याला वेगळे वजन आहे. धारणी ते अमरावती हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. वाट परतवाड्यावरून, सेमाडोह-हरिसालच्या जंगलातून आणि घाटातून जाते. धारणी गावात उपजिल्हा रुग्णालय आहे, पण मेळघाटातील अनेक पाडे तिथूनही लांब आहेत आणि काही ठिकाणी मोबाइलला रेंज मिळत नाही. श्वासनलिका पूर्ण बंद झाली तर साधारण दोन-तीन मिनिटांत शुद्ध हरपू लागते आणि चार ते सहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा सुरू होते. एवढ्या वेळात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मुंबईतही पोहोचेलच असे नाही, मेळघाटात तर तो विषयच नाही. वाचवू शकतो तो शेजारी बसलेला माणूस. त्याच्या हातात यंत्र नसते आणि औषधही नसते. त्याला वापरता येते ती एकच गोष्ट, गुदमरणाऱ्या माणसाच्या छातीत आधीच अडकून राहिलेली हवा.

ठसका चांगला, शांतता वाईट

जेवताना ठसका लागला की आपल्याकडे पाणी पुढे केले जाते, डोक्यावर थापटले जाते, ‘वर बघ’ म्हणतात आणि कोणीतरी आठवण काढली असेल असेही म्हणतात. ठसका म्हणजे शरीराने स्वतःच चालवलेला उपाय आहे. अन्नाचा कण स्वरयंत्राला लागला की माणूस आधी खोल श्वास घेतो. मग स्वरयंत्र क्षणभर मिटते, पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू आवळले जातात, आत दाब साठतो आणि स्वरयंत्र उघडताच हवा जोरात सुटते. जोरदार खोकल्याइतका वेगवान झोत बाहेरचा कोणताही माणूस हातांनी निर्माण करू शकत नाही. म्हणून ज्याला खोकता येते, बोलता येते, त्याला खोकू द्यायचे. त्याच्या पोटाला हात लावायचा नाही.

खरे संकट आवाज न करता येते. घास स्वरयंत्राच्या तोंडाशीच घट्ट बसला की खोकल्याची पहिली पायरी, म्हणजे खोल श्वास, घेताच येत नाही. उलट श्वास घ्यायची धडपड घासाला आणखी आत ओढते. माणूस उठून उभा राहतो, हात गळ्याकडे नेतो, तोंड उघडे असते, पण आवाज फुटत नाही. ओठ निळसर होऊ लागतात. लोकांना तो झटका वाटतो. १९६३ मध्ये फ्लोरिडातील रॉजर हॉगेन या वैद्यकीय तपासनिसाने हॉटेलात जेवताना अचानक दगावलेल्या माणसांवर लेख लिहिला. त्यांचा मृत्यू हृदयविकाराने झाला असे आसपासच्यांनी धरले होते. शवविच्छेदनात घशात मांसाचे मोठे तुकडे निघाले. या प्रकाराला तेव्हा ‘कॅफे कॉरोनरी’ असे नाव पडले. दोन्हींतला फरक ओळखायला एक प्रश्न पुरतो. हृदयविकाराचा रुग्ण सहसा बोलू शकतो, कुठे दुखते ते सांगू शकतो. घास अडकलेला बोलू शकत नाही, फक्त मान हलवतो.

उरलेली हवा

श्वास सोडला की फुप्फुसे रिकामी होतात, असा सर्वसाधारण समज आहे. तसे होत नाही. प्रौढ माणूस शांत बसलेला असताना एका श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो आणि तेवढीच बाहेर सोडतो. ती सोडल्यावरही फुप्फुसांत दोन ते अडीच लिटर हवा शिल्लक असते. कितीही जोर लावून श्वास सोडला तरी सव्वा लिटरच्या आसपास हवा आत राहतेच, कारण बरगड्यांचा पिंजरा फुप्फुसांना पूर्ण मिटू देत नाही. घास अडकतो तो बहुधा गिळताना, हसताना, बोलताना, म्हणजे श्वासाच्या अधल्यामधल्या टप्प्यावर. त्यामुळे गुदमरणाऱ्या माणसाच्या छातीत साधारण अडीच लिटर हवा कोंडलेली आहे, असे धरायला हरकत नाही.

ही हवा श्वास म्हणून फार काळ उपयोगी नसते. तिच्यातला प्राणवायू शरीर मिनिट-दोन मिनिटांत खेचून घेते. पण ढकलण्यासाठी हवा ताजी असावी लागत नाही. तिच्यात बहुतांश नायट्रोजन असतो, तो रक्तात फारसा शोषला जात नाही आणि जागच्या जागी राहतो. माणूस निळा पडू लागला तरी त्याच्या छातीतली हवा घासाला ढकलायला पहिल्या सेकंदाइतकीच सक्षम असते. तिला बाहेरून कोणीतरी दाबायला हवे.

दाबायचे कुठून, हा पुढचा प्रश्न. फुप्फुसांना बाजूंनी बरगड्या आहेत आणि मागे पाठीचा कणा आहे. खालच्या बाजूला मात्र हाड नाही. तिथे घुमटासारखा वर फुगलेला एक स्नायूचा पडदा आहे, श्वासपटल. त्याच्या वर फुप्फुसे आणि खाली जठर, यकृत, आतडी. लोहाराच्या भात्याची फळी जशी खालीवर होते तसे हे पटल होते. खाली गेले की हवा आत येते, वर आले की बाहेर जाते. एरवी ते आपल्या स्नायूंच्या जोरावर हलते, पण खालून ढकलले तरी वर जाते.

खालून ढकलायला पोट सोयीचे आहे. पोटातले अवयव पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे वागतात. पाणी दाबून लहान होत नाही, म्हणून एका ठिकाणी दिलेला दाब सगळीकडे पोहोचतो. मागे कणा आणि खाली कमरेची हाडे हटत नाहीत. समोरच्या भिंतीवर आपली मूठ असते. मोकळी सुटायला मोठी जागा उरते ती वरची, म्हणजे श्वासपटलाकडची. म्हणूनच मूठ बेंबीच्या वर, पण छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाच्या बरीच खाली ठेवायची आणि झटका आत व वर असा द्यायचा. नुसता आत दिला तर बराच जोर कण्यावर वाया जातो.

चहाच्या पेल्याएवढे गणित

घास हलवायला किती दाब पुरतो? सिनसिनाटीचे शल्यचिकित्सक हेन्री हाइम्लिक यांनी १९७५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात याची मोजमापे दिली. निरोगी स्वयंसेवकांच्या पोटावर धक्का दिल्यावर सुमारे पाव सेकंदात सरासरी ९४० मिलिलिटर हवा बाहेर आली आणि तोंडाशी सरासरी ३१ मिलिमीटर पाऱ्याइतका दाब मिळाला. रक्तदाब मोजताना वरचा आकडा १२० असतो, त्याच्या हा साधारण चौथा हिस्सा.

हा दाब म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे ४२ ग्रॅम वजन. प्रौढाच्या श्वासनलिकेचे तोंड अडीच चौरस सेंटीमीटर धरले, तर अडकलेल्या वस्तूवर मागून सुमारे १०० ग्रॅम वजनाइतका जोर येतो. शेंगदाण्याचे वजन एक ग्रॅमही नसते. मटणाचा अडकलेला तुकडाही काही ग्रॅमचाच. तो जागेवर राहतो तो वजनामुळे नाही, तर ओल्या त्वचेला चिकटल्यामुळे आणि नलिकेच्या तोंडात बसल्यामुळे. १०० ग्रॅमचा अचानक झटका ती पकड सोडवायला अनेकदा पुरतो.

आता या दाबासाठी हवा किती आवळावी लागते ते पाहता येईल. बंद जागेतली हवा जितकी आवळाल तितका दाब वाढतो, हे रॉबर्ट बॉइल यांनी सतराव्या शतकात दाखवले. भोवतालच्या वातावरणाचा दाब एका चौरस सेंटीमीटरवर सुमारे १,०३३ ग्रॅम असतो. त्यात ४२ ग्रॅमची भर म्हणजे चार टक्के वाढ. त्यासाठी हवेची जागाही जवळपास चार टक्केच कमी व्हायला हवी. अडीच लिटरचे चार टक्के म्हणजे १०० मिलिलिटर, टपरीवरचा एक लहान पेला चहा. श्वासपटल एक सेंटीमीटर वर गेले की दोन-अडीचशे मिलिलिटरहून अधिक जागा कमी होते. म्हणजे हिशेबाने ते अर्धा सेंटीमीटर सरकले तरी काम होते.

प्रत्यक्षात त्याहून जास्त जोर लागतो, कारण धक्क्यातला काही भाग बरगड्या बाहेर फुगण्यात आणि पोटाच्या बाजू पसरण्यात जातो. तरी या हिशेबातून दोन गोष्टी कळतात. पहिली, हा पैलवानाचा खेळ नाही. मध्यम बांध्याची बाईही धिप्पाड माणसाला धक्का देऊ शकते, फक्त तो झटक्याने द्यायला हवा. हळूहळू मिठी घट्ट केली तर बरगड्यांना फुगायला वेळ मिळतो आणि दाब चढत नाही. दुसरी, जितके बूच घट्ट तितका दाब चांगला साठतो. बाजूने हवा निसटत असेल तर तो साठत नाही. पण हवा निसटते आहे याचा अर्थ थोडा श्वास चालू आहे, आणि तिथे खोकलाच खरा उपाय.

याच कारणाने एकामागून एक धक्के देण्यात अर्थ आहे. घास घट्ट बसलेला असेल तर पहिल्या फसलेल्या धक्क्यात हवा खर्च होत नाही. मूठ सैल केली की श्वासपटल खाली येते आणि हवा पूर्वीइतकीच असते. पाचव्या धक्क्याला पहिल्याइतकेच भांडवल हाताशी असते. मधल्या काळात माणसाचे स्नायू सैल पडत जातात आणि घशाची पकडही कधी ढिली होते.

पन्नास वर्षांचा वाद

हाइम्लिक यांनी ही कल्पना जून १९७४ मध्ये प्रथम छापली. त्याआधी त्यांनी गुंगी दिलेल्या बीगल जातीच्या कुत्र्यांवर प्रयोग केले होते. टोक बंद केलेली नळी श्वासनलिकेत बसवून त्यांनी आधी छाती दाबून पाहिली, तिने फारसे काही झाले नाही. बरगड्यांच्या खाली, श्वासपटलाच्या दिशेने दाबल्यावर नळी बाहेर उडाली. वृत्तपत्रांनी ही पद्धत उचलली आणि काही दिवसांतच एका सामान्य वाचकाने ती वापरून शेजारच्या घरातील बाईचा जीव वाचवल्याची बातमी आली.

तोवर पाठीवर थापा मारणे हाच रूढ उपाय होता. थापेने घास आणखी खाली जातो, असे हाइम्लिक यांचे ठाम म्हणणे होते. १९८५ मध्ये अमेरिकेचे सर्जन जनरल एव्हरेट कूप यांनीही पाठीवर थापा धोकादायक ठरवल्या आणि फक्त पोटावरच्या धक्क्यांना मान्यता दिली. दोन दशकांनी, २००६ च्या सुमारास, अमेरिकन रेड क्रॉस पुन्हा पाच थापा आणि पाच धक्क्यांवर आली. हार्ट असोसिएशन मात्र २०२५ पर्यंत एकट्या धक्क्यांवर थांबली होती.

वाद इतका लांबला त्याचे कारण पुराव्याच्या स्वरूपात आहे. गुदमरणाऱ्या माणसांचे दोन गट करून त्यांवर वेगवेगळे उपाय करून पाहता येत नाहीत. जे हाती आहे ते घटनांच्या नोंदी, स्वयंसेवकांवरची मोजमापे आणि मृतदेहांवरचे प्रयोग. त्यांतून दिसते ते एवढेच, की एकाच पद्धतीने सगळ्यांचा घास निघत नाही, अनेकांना दुसरीची गरज पडते. दोन्हींचे काम वेगळे आहे. पाठीवरची थाप हादरा देते. माणूस पुढे वाकलेला असेल तर त्या हादऱ्याने चिकटलेला घास सुटून तोंडाच्या दिशेने सरकतो. पोटावरचा धक्का त्याच्या मागे हवेचा दाब उभा करतो. थाप आधी ठेवली आहे कारण ती शिकायला सोपी आहे आणि तिने इजा होण्याची भीती कमी आहे. मात्र माणूस ताठ उभा असताना मारलेली थाप कामाची नाही. सुटलेल्या घासाला पडायला वाट खालीच मिळते आणि हाइम्लिक यांची भीती तिथे खरी ठरू शकते.

हाइम्लिक यांची आणखी एक समजूत पुढे दुरुस्त झाली. नॉर्वेतील संशोधकांनी २००० मध्ये नुकत्याच मृत झालेल्या व्यक्तींची श्वासनलिका बंद करून दोन्ही प्रकारे दाब मोजला. छाती दाबल्यावर सरासरी सुमारे ४१ सेंटीमीटर पाण्याइतका दाब मिळाला, पोटावरच्या धक्क्याने सुमारे २६. निपचित पडलेल्या माणसाची छाती जमिनीवर टेकवून वरून दाबता येते, म्हणून तिथे छातीच सरस ठरते. शुद्ध हरपल्यावर पोटाचा नाद सोडून छाती दाबायला सुरुवात करा, असे सांगितले जाते त्यामागे हे कारण आहे. शिवाय त्यामुळे थांबू पाहणारे रक्ताभिसरणही चालू राहते.

धारणीतला एक प्रसंग

हे सगळे एका कल्पित प्रसंगात बसवून पाहू. धारणीच्या बसस्थानकाजवळ एका खानावळीत पन्नाशीचे गृहस्थ मटण-भाकर खात आहेत. हसता हसता मोठा तुकडा नीट न चावता घशात जातो. ते उभे राहतात, हात गळ्याकडे जातो. समोरचा म्हणतो, “पाणी पाजा, पाणी!” इथे पहिली चूक टळायला हवी. बंद नलिकेवर पाणी ओतले तर ते घासाला हलवत नाही, घशात साचते आणि वाट मोकळी होताच आत जाते. भाताचा गोळा किंवा केळे गिळायला देणेही असेच.

शेजारच्या टेबलावरची अंगणवाडी सेविका उठते आणि विचारते, “भाऊ, बोलल्या जाते का?” ते नुसती मान हलवतात. उत्तर मिळाले. ती दुसऱ्याला १०८ लावायला सांगते. स्वतः त्यांच्या बाजूला, किंचित मागे उभी राहते. एक हात त्यांच्या छातीला आधार देतो, ती त्यांना कमरेतून चांगले पुढे वाकवते. डोके छातीपेक्षा खाली येते. तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने ती दोन खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा देते, प्रत्येक थापेनंतर तुकडा पडला का ते पाहते. पडत नाही.

मग ती पूर्ण मागे जाते. एक पाय त्यांच्या दोन पायांच्या मध्ये ठेवते, म्हणजे ते कोसळले तर तोल सावरता येईल. एका हाताची मूठ, अंगठ्याची बाजू पोटाकडे, बेंबीच्या थोडी वर टेकवते. दुसऱ्या हाताने ती मूठ पकडते आणि झटक्याने आत-वर ओढते. प्रत्येक धक्का वेगळा, जणू हाच शेवटचा. तिसऱ्या धक्क्याला तुकडा तोंडात येतो आणि मोठा घरघरता श्वास ऐकू येतो. सगळा प्रकार मिनिटाभराचा.

उपाय लागू पडला याची खूण तुकडा दिसणे ही नव्हे. तो कधी गिळलाही जातो. खूण म्हणजे आवाज, खोकला, बोलणे, ओठांचा परतलेला रंग. त्यानंतर त्या गृहस्थांना उपजिल्हा रुग्णालयात दाखवणे गरजेचे आहे, बरे वाटत असले तरी. ज्या धक्क्याने श्वासपटल वर जाते त्याच धक्क्याखाली यकृत, प्लीहा आणि जठर असतात. बरगडी मोडणे, क्वचित जठर किंवा यकृत फाटणे, अशा इजांच्या नोंदी आहेत. पोटात वाढत जाणारी कळ, उलटीत रक्त, चक्कर, ही धोक्याची चिन्हे. याच कारणाने हा धक्का सराव म्हणून जिवंत माणसावर कधीही देऊ नये. फक्त मूठ कुठे ठेवायची एवढेच दाखवावे.

प्रसंग दुसऱ्या दिशेने गेला असता आणि ते गृहस्थ कोसळले असते, तर त्यांना जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध जोरात दाबायला सुरुवात करायची. तीस वेळा दाबले की तोंड उघडून पाहायचे. तुकडा डोळ्यांना दिसला तरच बोटाने काढायचा. न दिसणाऱ्या घासासाठी बोट फिरवले तर तो आणखी आत सारला जातो. श्वास देता येत असेल तर दोन श्वास द्यायचे आणि पुन्हा दाबायला लागायचे.

जिथे हे गणित बदलते

एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर धक्का द्यायचा नाही. बाळाचे यकृत शरीराच्या मानाने मोठे असते आणि बरगड्यांच्या खाली उतरलेले असते, मुठीच्या मार्गातच येते. त्याला हातावर पालथे घ्यायचे, जबडा हाताने सावरायचा, डोके धडाच्या खाली ठेवायचे आणि पाठीवर पाच थापा द्यायच्या. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाबायचे. २०२५ च्या सूचनांनुसार हे दाबणे दोन बोटांऐवजी एका तळहाताच्या टाचेने करायचे आहे. बाळाच्या बरगड्या लवचिक असल्याने छातीवरूनच हवा पुरेशी आवळली जाते. बाळाचे पाय धरून उलटे लटकवणे हा अनेक घरांतला उपाय मात्र टाळायला हवा. त्यात मान झटकली जाते, बाळ हातून निसटू शकते आणि थापा नीट देता येत नाहीत.

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत, आणि पोट इतके मोठे असेल की हात पुरत नाहीत अशा माणसातही, धक्का मागून छातीच्या मधल्या हाडावर द्यायचा. दिशा तिथे सरळ आत. एकटा माणूस गुदमरला तर त्याने खुर्चीच्या पाठीवर किंवा ओट्याच्या कडेवर पोटाचा तोच भाग टेकवून स्वतःच झटका द्यायचा. छातीतली हवा तीच, फक्त मुठीच्या जागी लाकूड.

शेवटचा प्रकार सर्वांत फसवा असतो. तीन वर्षांचे मूल शेंगदाणे, फुटाणे किंवा सीताफळाच्या बियांशी खेळता खेळता एकदम खोकू लागते. लाल होते, डोळ्यांत पाणी येते आणि पाच मिनिटांत सगळे शांत होते. घरच्यांना वाटते, संपले. पण दाणा श्वासनलिका ओलांडून एका बाजूच्या शाखेत उतरलेला असू शकतो. दुसरे फुप्फुस चालू असल्याने मूल खेळते, जेवते. इथे पोटावरचा धक्का निरुपयोगी आहे आणि उलट धोकादायक. श्वास चालू असताना हलवलेला दाणा वर येऊन मुख्य नलिकाच बंद करू शकतो. पुढच्या दिवसांत शीळ घातल्यासारखा श्वास, न थांबणारा खोकला आणि पुन्हा पुन्हा त्याच बाजूला होणारा न्यूमोनिया दिसतो. एक्स-रेमध्ये शेंगदाणा दिसत नाही, कारण तो धातू किंवा हाडासारखा किरणांना अडवत नाही. अशा मुलाला नळीची दुर्बीण घालून दाणा काढणाऱ्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागते. तिथे डॉक्टरांना सर्वाधिक उपयोगी पडते ते घरच्यांचे एक वाक्य, “दाणे खात असताना एकदम ठसका लागला होता.” ते वाक्य सांगितले गेले नाही, तर मुलावर आठवडेच्या आठवडे सर्दी-खोकल्याचे उपचार चालू राहतात.

इथे दीडशे किलोमीटरचा प्रवास करायला वेळ असतो आणि तो करायलाच हवा. बसस्थानकाजवळच्या खानावळीत मात्र तो नसतो. दोन्हींतला फरक त्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आहे, खोकता-बोलता येते की नाही. येत असेल तर हात मागे घ्यायचा, येत नसेल तर क्षण न दवडता पुढे वाकवून पहिली थाप द्यायची.